स्मरणिकेचा कच्चा मसुदा पीडीएफवर कसा तपासायचा?

वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचा दुसरा मसुदा आज सगळ्या वाचकांना पाठवला आहे. फाइलचं नाव Smaranika_Masuda2.pdf, पानं ९६. मालवण, कणकवली, देवगडपासून परळ-डोंबिवलीपर्यंत विखुरलेले आपण अकरा जण तो वाचणार आहोत. पुस्तक गणपतीत चाकरमानी गावी येतील तेव्हा हातात पडायला हवं.

पहिल्या मसुद्याच्या वेळी कुणी प्रिंट काढून लाल पेनाने खुणा केल्या, कुणी पानाचे फोटो पाठवले, कुणी ग्रुपवर "पान ३७, तिसरा परिच्छेद, खालून दुसरी ओळ" असं लिहिलं. ते सगळं जुळवताना डीटीपीवाल्या ताईंचा आठवडा गेला. या वेळी सगळ्यांनी दुरुस्त्या थेट पीडीएफवरच करायच्या. यापूर्वी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना येतं त्यांनीही "काय लिहायचं" हा भाग मात्र वाचावा.

आधी फाइल नीट उघडा

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइलवर बोट ठेवलं की ती लगेच दिसते, पण तिथे ती फक्त वाचता येते. खुणा करायला अ‍ॅप लागतं. फोनवर अ‍ॅडोबीचं Acrobat Reader घ्या, फुकट आहे आणि आपल्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे हायलाइट, स्टिकी नोट आणि टेक्स्ट कॉमेंट, त्यात पैसे न भरता होतात. "प्रीमियम घ्या" असं विचारत राहील, तिकडे लक्ष देऊ नका. लॅपटॉपवरही तेच चालेल. विंडोजवाल्यांना वेगळं काही बसवायचं नसेल तर Microsoft Edge मध्येही हायलाइट आणि कॉमेंट करता येते. शब्द निवडून उजवं क्लिक केलं की दोन्ही पर्याय समोर येतात.

फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी ती आपल्या नावाने फोनमध्ये सेव्ह करा. उदाहरणार्थ Smaranika_Masuda2_Gurav.pdf. मूळ नावाच्या अकरा फाइली परत आल्या तर कुणाची कुठली ते कळणार नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमधून थेट उघडलेल्या प्रतीवर खुणा केल्या तर त्या नेमक्या कुठे सेव्ह झाल्या हे शोधत बसावं लागतं. एकदा फाइल फोनमध्ये आली की रेंजची गरज नाही. आपल्याकडे पावसात लाईट आणि टॉवर एकाच वेळी जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. घरात बसून निवांत खुणा करा, रेंज आली की पाठवा.

प्रत्येक कॉमेंटवर तुमचं नाव दिसतं. लॅपटॉपवर ते बहुधा कॉम्प्युटरचं लॉगिन नाव असतं, त्यामुळे मुलाच्या लॅपटॉपवर काम केलंत तर दुरुस्त्या मुलाच्या नावावर जातील. Acrobat मध्ये Preferences मधल्या Commenting मध्ये लॉगिन नाव वापरण्याची खूण काढायची आणि Identity मध्ये आपलं नाव लिहायचं. हे जमलं नाही तर प्रत्येक नोटच्या शेवटी आपली आद्याक्षरं टाका, तेवढं पुरतं.

खुणा केल्याने मजकूर बदलत नाही

ही शंका बऱ्याच जणांना असते. हायलाइट, नोट, टेक्स्ट हे सगळं छापलेल्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहिल्यासारखं असतं. खालचं अक्षर जागचं हलत नाही. त्यामुळे बिनधास्त खुणा करा. चुकीची खूण झाली तर तिच्यावर बोट ठेवा आणि कचरापेटीचं चिन्ह दाबा. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: तुम्ही लिहिलेलं आपोआप पुस्तकात जात नाही. डीटीपीवाल्या ताई प्रत्येक खूण वाचून मूळ फाइलमध्ये हाताने बदल करणार आहेत.

हायलाइट

चूक एखाद्या शब्दात किंवा वाक्यात असेल तर हायलाइट. फोनवर शब्दावर बोट दाबून धरा, दोन्ही टोकांच्या कड्या ओढून हवा तेवढाच मजकूर निवडा आणि वर आलेल्या पट्टीत Highlight दाबा. लॅपटॉपवर माऊसने शब्द निवडला की छोटी पट्टी येते, तिथे मार्करचं चित्र असतं.

हवा तेवढाच, हे महत्त्वाचं. पहिल्या फेरीत एका पानाचे सलग तीन परिच्छेद पिवळे करून आले होते. तीन परिच्छेदांत नेमकं काय बदलायचं? वेलांटी चुकली असेल तर तो एक शब्द रंगवा, संपूर्ण ओळ नको.

आणि नुसता रंग कधीच सोडू नका. पिवळा शब्द म्हणजे "हे चुकलंय", की "हे आवडलं", की "हे मोठ्या अक्षरात घ्या"? हायलाइट केल्यावर त्याच रंगावर पुन्हा बोट ठेवा किंवा डबल-क्लिक करा, लिहायला चौकट उघडते. त्यात काय करायचं ते लिहा. शब्द काढूनच टाकायचा असेल तर हायलाइटऐवजी Strikethrough घ्या. शब्दावर आडवी रेघ येते आणि मग काही लिहायचीही गरज नसते.

रंग दोनच वापरू या. पिवळा म्हणजे शुद्धलेखन आणि छपाईच्या चुका, हिरवा म्हणजे माहितीबद्दल शंका. पिवळं ताई थेट दुरुस्त करतील, हिरवं आधी संपादक मंडळाकडे येईल. सात रंगांची योजनाही सुचली होती कुणाला, पण ती लक्षात कोण ठेवणार?

स्टिकी नोट

मजकूर निवडता येत नाही तिथे स्टिकी नोट लावायची: फोटो, नकाशा, रिकामी जागा, जाहिरात, किंवा संपूर्ण पानाबद्दलच काही म्हणायचं असेल तर. कॉमेंटचं, म्हणजे बोलण्याच्या फुग्यासारखं चिन्ह निवडा, पानावर जागा दाखवा, चौकटीत लिहा. फोनवर रिकाम्या जागेवर बोट दाबून धरूनही हा पर्याय येतो. लॅपटॉपवरच्या Acrobat मध्ये Ctrl+6.

नोटचं चिन्ह समासात ठेवा, अक्षरांवर नको. खालचं वाचता येत नाही.

पान ४० ते ४७ हे वाचनालयाच्या जुन्या अहवालांचे स्कॅन आहेत, म्हणजे ती चित्रंच आहेत. तिथे शब्द निवडला जाणार नाही. फोन बिघडला असं समजू नका, सरळ स्टिकी नोट लावा.

टेक्स्ट कॉमेंट

यात अक्षरं थेट पानावर उमटतात, चौकट उघडावी लागत नाही. Add text comment किंवा फोनवर नुसतं Add text, अशा नावाने हे सापडेल. ओळखीविना राहिलेल्या फोटोखाली नाव लिहायचं, राहून गेलेला क्रमांक टाकायचा, एवढ्यासाठी ते छान.

पण माझं मत विचाराल तर हे कमीत कमी वापरा. एक तर पानावर गर्दी होते. दुसरं, काही अ‍ॅपमध्ये अशा मजकुरातली मराठी जोडाक्षरं सुटी होतात आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. दुरुस्तीतच चूक दिसली तर ताईंनी काय समजायचं? तीन-चार शब्दांपेक्षा जास्त लिहायचं असेल तर स्टिकी नोट घ्या.

याला जोडूनच: काही जुने लेख युनिकोड नसलेल्या फाँटात बसवले आहेत. त्यातली ओळ कॉपी करून नोटमध्ये चिकटवलीत तर अगम्य चिन्हं येतील, आणि तिथे शब्द शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. हायलाइट मात्र व्यवस्थित होतो. शब्द हाताने टाइप करा.

काय लिहायचं

कसोटी एकच. ताईंना तुम्हाला फोन न करता दुरुस्ती करता आली पाहिजे. "हे बघा", "बरोबर वाटत नाही", "तपासावे" यातून काहीच कळत नाही.

पान १४ वर "कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९८८ मध्ये खुला झाला" असं आहे. फक्त १९८८ हायलाइट करा आणि लिहा: "१९९८ करा. २६ जानेवारी १९९८." पान ३१ वर सिंधुदुर्ग जिल्ह्याची स्थापना १ मे १९६० दिली आहे. तिथे लिहा: "१९८१ हवं. १९६० हे महाराष्ट्र राज्याचं साल, आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला." कारण एका ओळीत दिलं की वाद उरत नाही.

पान ५३ वरच्या फोटोखाली "सिंधुदुर्ग किल्ला" छापलं आहे, पण फोटोत तटबंदी जमिनीला जोडलेली दिसते. सिंधुदुर्ग बेटावर आहे. इथे फोटोवर नोट: "हा विजयदुर्ग आहे. ओळ बदला, किंवा लेख सिंधुदुर्गाचा असल्याने फोटो बदलावा. संपादकांनी ठरवावं." दोन पर्याय असतील तर निर्णय कुणाचा तेही लिहायचं.

थोडा नाजूक मामला पान २२ चा. हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि लेखातही तसंच आलं आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पण हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते इंग्लिश शास्त्रज्ञ लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते. हेलियमची वर्णरेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. अशा वेळी संपूर्ण परिच्छेद खोडू नका. वाक्याला हिरवा रंग द्या आणि लिहा: "लॉकयर इथे नव्हते. 'अशी गावात आख्यायिका आहे' असं करता येईल का? लेखकाला विचारूनच बदला." लेखक गावातले ज्येष्ठ आहेत, मसुदा तेही वाचतील. नोटमधली भाषा तेवढी जपा.

पान ६१ ते ६६ वरच्या गजाली मालवणीत आहेत. "खंय" हायलाइट करून "कुठे" लिहू नका. "इलंय"चं "आलोय" करू नका. एखादा मालवणी शब्दच चुकीचा पडलाय असं वाटलं तर हिरवा रंग आणि "लेखिकेला विचारा" एवढंच. शुद्धलेखनाचा दंडुका तिथे नको, नाहीतर त्या सहा पानांतला जीवच जाईल.

पान क्रमांक लिहिण्याची गरज नाही, खूण पानावरच असते. उलट लिहिलात तर गोंधळ होतो, कारण पुस्तकातला छापील क्रमांक आणि अ‍ॅपमधला क्रमांक यांत मुखपृष्ठ व जाहिरातींमुळे आठ पानांचा फरक आहे. वरचे सगळे आकडे छापील आहेत.

परत पाठवताना

पाठवण्याआधी कॉमेंटची यादी उघडून एकदा नजर फिरवा. नुसत्या रंगाच्या, चौकट रिकामी असलेल्या खुणा तिथे लगेच दिसतात. मग सेव्ह करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि खुणा आहेत ना ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना Document म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट आणि पानांचे फोटो नकोत, त्यांत नोटचं चिन्ह दिसतं पण आतला मजकूर दिसत नाही. प्रिंट काढलीत तरी नोटांतला मजकूर सहसा कागदावर येत नाही. Acrobat शेअर करताना कधी लिंक बनवून देतो. लिंक नको, फाइलच हवी.

फाइल ग्रुपवर टाकू नका, माझ्याकडे पाठवा. सगळ्यांच्या कॉमेंट मी एका प्रतीत एकत्र करीन. ती एकत्रित प्रत तुमच्याकडे आल्यावर दुसऱ्याच्या खुणेशी मतभेद असेल तर ती खोडू नका, तिच्याखाली Reply मध्ये लिहा.

शुद्धलेखनासाठी पहिली ४८ पानं मुंबईकरांनी आणि पुढची ४८ गाववाल्यांनी बघायची. माहितीच्या शंका मात्र कुणीही कुठेही काढा. रविवारी रात्रीपर्यंत फाइल यावी. फोनवर जमतच नसेल त्यांनी शनिवारी दुपारी चारनंतर वाचनालयात यावं, तिथल्या कॉम्प्युटरवर बसून करू. लाईट असली तर.