चौथ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर: केळीचे क्रेट आणि प्रबळ विगमन

गुरुवारच्या चाचणीत चौथा प्रश्न बहुतेकांनी अर्धा सोडला. ज्यांनी पूर्ण केला, त्यांच्याही वह्यांत नेमकी महत्त्वाची ओळ गायब होती. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या, पण आधी एकदा नीट वाचा.

प्रश्न आपल्याच भागातला होता. रावेरच्या एका शेतातून केळीचे n क्रेट एका अड्ड्यावर येतात. तिथे प्रत्येक क्रेट एकदा उतरवून मोजला जातो. मग निम्मे क्रेट एका अड्ड्यावर जातात, एक तृतीयांश दुसऱ्या अड्ड्यावर, आणि उरलेले तिथेच विकले जातात. अपूर्णांक आला तर तो सोडायचा. पुढच्या प्रत्येक अड्ड्यावर पुन्हा तेच: उतरवा, मोजा, निम्मे इकडे, तिसरा हिस्सा तिकडे. एक क्रेट एकदा उतरवला की एक हाताळणी. एकूण हाताळणी T(n) मानली तर:

```
T(0) = 0
T(n) = n + T(⌊n/2⌋) + T(⌊n/3⌋),   n ≥ 1
```

सिद्ध करायचं होतं की प्रत्येक n ≥ 0 साठी T(n) ≤ 6n.

हा प्रश्न वर्गात सांगितला तेव्हा सावद्याहून येणारी एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, इतक्या वेळा माल हलला तं केळं काळं पडीन ना!" अगदी बरोबर. प्रत्येक हाताळणीत केळ्याला मार बसतो, सालीवर डाग पडतो. म्हणूनच विचारायचं आहे की माल वाढला तर हाताळणी त्याच प्रमाणात वाढते, की प्रमाण सोडून सुटते?

आधी हाताने थोडं करून बघू. १२ क्रेट घ्या. पहिल्या अड्ड्यावर १२ हाताळण्या. मग ६ एकीकडे, ४ दुसरीकडे, २ तिथेच विकले. म्हणजे T(12) = 12 + T(6) + T(4). T(1) = 1, T(2) = 3, T(3) = 5, म्हणून T(4) = 4 + 3 + 1 = 8 आणि T(6) = 6 + 5 + 3 = 14. एकूण T(12) = 34.

आता इथे थांबून बघा. T(12) काढताना T(11) कुठे लागला? कुठेच नाही. लागले ते T(6) आणि T(4). आपण अकरावीपासून जे विगमन करत आलो, त्यात k साठी खरं मानून k+1 साठी सिद्ध करतो. इथे ते मागचं एक पाऊल उपयोगाचंच नाही. कितीतरी वह्यांत "T(k) ≤ 6k मानू" असं लिहून पुढे T(k+1) च्या सूत्रात T(k) शोधत पान संपलंय. तो सापडणार नव्हताच. आपल्याला मागचे सगळे लागतात, कारण मागचा नेमका कोणता लागेल हे n वर ठरतं. हेच प्रबळ विगमन, तुमच्या भाषेत स्ट्राँग इंडक्शन.

आता सिद्धता.

विधान P(n): T(n) ≤ 6n.

पाया. n = 0 घेऊ. T(0) = 0 आणि 6·0 = 0, म्हणून P(0) खरं आहे.

पायरी. n ≥ 1 हा कोणताही पूर्णांक घ्या. गृहीत धरू की 0 ≤ m < n अशा प्रत्येक m साठी T(m) ≤ 6m. n ≥ 1 असल्यामुळे ⌊n/2⌋ आणि ⌊n/3⌋ हे दोन्ही शून्य किंवा त्याहून मोठे आणि n पेक्षा नक्की लहान आहेत. म्हणून गृहीतक दोघांनाही लागू होतं:

```
T(n) =  n + T(⌊n/2⌋) + T(⌊n/3⌋)
     ≤  n + 6⌊n/2⌋ + 6⌊n/3⌋
     ≤  n + 6(n/2) + 6(n/3)
     =  n + 3n + 2n
     =  6n
```

म्हणून P(n) खरं. प्रबळ विगमनाने प्रत्येक n ≥ 0 साठी T(n) ≤ 6n. सिद्धता पूर्ण.

"म्हणून गृहीतक लागू होतं" हे वाक्य आणि त्याच्या आधीचं कारण, हीच ती गायब ओळ. ती नसेल तर मी गुण कापणार, कारण सगळा भार तिच्यावर आहे. n = 0 ला ती खोटी ठरते: 0 चा निम्मा 0 च, तो 0 पेक्षा लहान नाही. म्हणून 0 पायात ठेवावाच लागतो. n = 1 मात्र पायरीतच बसतो, कारण तिथे फक्त T(0) लागतो. ज्यांनी पाया 1 पासून धरला, त्यांना पायरीत n = 2 ला T(0) लागला आणि त्यांच्या गृहीतकात 0 नव्हताच. पाया कुठे धरायचा हे पायरी मागे कुठवर हात पुरवते त्यावरून ठरवा, सवयीने नाही.

हा ६ आला कुठून, हे तिघांनी विचारलं. T(n) ≤ cn असा अंदाज धरून पायरी लिहा. शेवटी n + 5cn/6 ≤ cn हवं, म्हणजे c ≥ 6. आधी कच्च्या कागदावर c शोधायचा, मग वहीत सिद्धता लिहायची.

एका वहीत मात्र असं होतं: "लहान किमतींना T हे n च्या स्थिर पटीत आहे, म्हणून n + पट + पट हेही पटीतच." ही चूक फार फसवी आहे. प्रत्येक पायरीला पट थोडी वाढली तर ती स्थिर राहतच नाही. याच युक्तिवादाने S(0) = 0, S(n) = n + 2S(⌊n/2⌋) हाही n च्या स्थिर पटीत येईल. पण n = 2ᵏ ला S(n) = (k+1)n होतं, पट वाढतच जाते. म्हणून आकडा ठरवून घ्या, आणि पायरीच्या शेवटी तोच आकडा परत आला पाहिजे.

आणि 5n का चालत नाही? T(12) = 34, म्हणजे तिप्पटसुद्धा नाही. बारापर्यंत कुठलाही n घ्या, 5n च्या खूप खालीच राहतो. पण n = 6ᵏ घेतलं की पहिले k टप्पे भाग नि:शेष जातो, आणि प्रत्येक टप्प्याची हाताळणी आधीच्या 5/6 पट होते. म्हणून

```
T(6^k) ≥ n(1 + 5/6 + ... + (5/6)^k) = 6n(1 − (5/6)^(k+1))
```

k = 9 ला (5/6)¹⁰ साधारण 0.1615 येतं, म्हणजे T(n) निदान 5.03n. तिथे n = १,००,७७,६९६. एक कोटीहून जास्त क्रेट होईपर्यंत आकडे तपासत बसलो असतो, तर 5n खोटं आहे हे कदाचित हाताला लागलंच नसतं.

सोमवारी हे करून आणा: निम्मे क्रेट एकीकडे, चौथा हिस्सा दुसरीकडे, बाकी सगळं तसंच. c शोधा, पाया कुठे धरला ते स्पष्ट लिहा, आणि गृहीतक का लागू होतं ती ओळ अधोरेखित करा.