वसतिगृहाची नियमावली
(इयत्ता ५ वी ते १० वी, मुलांचे वसतिगृह, तालुका शहादा)

हे नियम विद्यार्थी आणि गृहपाल, दोघांसाठी आहेत. एखाद्या नियमाचे कारण पटले नाही, तर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या बैठकीत मांडा. बदल फलकावर लागेपर्यंत जुना नियम पाळायचा.

१. सकाळ
साडेपाचला उठा. गरम पाणी आधी पाचवी-सहावीला, कारण थंडीत ते लवकर संपते आणि लहानांना गारठा सोसत नाही. उन्हाळ्यात बोअर खाली जाते, म्हणून एकाला एक बादली.

२. जेवण
पोटभर जेवा, लागेल तसे पुन्हा मागून घ्या. गृहपाल त्याच पंगतीत, तेच जेवतील. भाकरी कच्ची असेल तर ती त्यांनाही तिथल्या तिथे कळेल.

३. बोली
खोलीत आणि पंगतीत अहिराणी, पावरी, भिली, गुजरी मोकळेपणाने बोला. नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस त्याचीच बोली बोलणारा सोबती मिळेल. परक्या गावात पहिल्या रात्री आपल्या बोलीत कुणी हाक मारली, की जीव थाऱ्यावर येतो.

४. घरचा फोन
मोबाइल कार्यालयात जमा राहतील. घरी बोलायची वेळ रात्री आठ ते साडेनऊ, कारण त्याआधी बऱ्याच जणांचे आईवडील शेतातून आलेलेच नसतात. बोलणे चालू असताना गृहपाल दाराबाहेर थांबतील.

५. आजारपण
ताप, अंगदुखी, पोटदुखी असेल तर रात्री कितीही वाजता गृहपालांना उठवा. सिकलसेल असलेल्या मुलाने पाण्याची बाटली कायम जवळ ठेवावी. पाणी कमी पडले किंवा गारठा लागला, तर त्याच्या वेदना उसळू शकतात. त्याला गरम पाणी आधी मिळेल. आजाराची माहिती गृहपाल स्वतःजवळच ठेवतील.

६. घरी जाणे
होळी, भोंगऱ्या, कानबाई यांसाठी रजा मिळेल. अर्ज आठ दिवस आधी द्या. न्यायला पालक किंवा त्यांनी लेखी कळवलेला नातेवाईक यावा. गृहपाल फोन करून खात्री करतील, कारण घरी पोचेपर्यंत तुमची जबाबदारी त्यांच्यावर असते.

७. गृहपालांचा हक्क
रात्री दहानंतर तातडीच्या कामालाच त्यांचे दार वाजवा. आठवड्यातून एक दिवस त्यांना पूर्ण सुट्टी. त्या दिवशी एक शिक्षक मुक्कामी राहतील. चोवीस तास जागा असलेला माणूस मुलांशी शांतपणे बोलू शकत नाही. पेटी तपासायची झाल्यास ती तुमच्यासमोर, एका मित्राच्या साक्षीने उघडली जाईल.

८. चूक झाल्यास
आधी तुमचे म्हणणे ऐकले जाईल. मोडले ते दुरुस्त करा, दुखावले त्याच्याशी बोला. तीच चूक पुन्हा झाली, तर पालकांसोबत बसून मार्ग काढू. जेवण, झोप आणि घरचा फोन कधीही बंद होणार नाही. मारहाण व मानसिक छळाला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बंदी आहे.

गृहपालांविरुद्ध तक्रार आली, तर त्यांनाही लेखी बाजू मांडायला मिळेल आणि निर्णय दोघांना सांगितला जाईल. तक्रारपेटीची किल्ली फक्त मुख्याध्यापिकांकडे आहे. तिथेही बोलवत नसेल, तर कार्यालयातल्या फोनवरून १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.