सातबारा पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी: उताऱ्यावरचे शब्द

गावची जमीन वडिलांच्या नावावर आहे एवढंच ठाऊक असतं. मग एक दिवस भावकीतून निरोप येतो, ‘वाटणीचं बघायचंय, ये.’ अशा वेळी हातात पडलेल्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते कळावं, म्हणून हे शब्द क्रमाने वाचा. तपशिलाचे लेख जागोजागी जोडले आहेत.

सातबारा. गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 मिळून हा उतारा होतो. वरच्या भागात जमीन कोणाची, किती, तिच्यावर कोणाचे हक्क. खालच्या भागात पिकांच्या नोंदी. हा महसुली अभिलेख आहे, खरेदीखत नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकीचा वाद पेटला तर निकाल दिवाणी न्यायालय देतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर तो फुकट पाहता येतो. कामासाठी मात्र डिजिटल सहीचा उतारा काढा.
सविस्तर: ‘सातबारा ओळीओळीने कसा वाचावा’

आठ-अ. सातबारा एका गटाचा असतो, आठ-अ एका खातेदाराचा. त्या गावात त्या खात्यावर जेवढी जमीन आहे तेवढी सगळी एका कागदावर दिसते. वाटणीला बसण्याआधी आधी हा काढा. एखादा लांबचा तुकडा बोलण्यातून सहज निसटतो, आठ-अ वरून निसटत नाही.

गट नंबर, सर्व्हे नंबर, हिस्सा. एकत्रीकरण योजना राबवली गेली त्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. जिथे ती झाली नाही तिथे, कोकणात बऱ्याच ठिकाणी, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात. आजोबांच्या खरेदीखतात जुना नंबर असेल तर तो आजच्या गटाशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
सविस्तर: ‘जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट: मेळ कसा घालायचा’

क्षेत्र. हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. उताऱ्यावर 1.62.00 दिसलं तर 1 हेक्टर 62 आर, म्हणजे साधारण 4 एकर. 100 आर म्हणजे 1 हेक्टर, 40 गुंठे म्हणजे 1 एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, म्हणून गावात एकाच्या जागी दुसरा बोलला जातो. खरेदीच्या कागदात मात्र ही मोकळीक घेऊ नका.

पोटखराब. गटातली लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग अ मध्ये खडक, ओघळ, खाणीसारखी जागा येते. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह, स्मशान असं सार्वजनिक कामाला राखलेलं क्षेत्र. एकूण क्षेत्रात पोटखराब धरलेला असतो, तेव्हा वाटणीत चांगली जमीन कोणाकडे आणि खडक कोणाकडे, हे आकड्यांवरून कळत नाही. बांधावर जाऊन बघावंच लागतं.

आकार. जमिनीवरचा शेतसारा, रुपये-पैशांत. रक्कम इतकी किरकोळ असते की नजर तिथे थांबत नाही.

भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2. वर्ग 1 म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अटी नसलेली जमीन. वर्ग 2 म्हणजे अटी असलेली: सरकारने दिलेली, काही इनाम-वतनांची, पुनर्वसनात मिळालेली. ती विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. विसार देण्याआधी हा रकाना बघितला नाही, तर पुढचे सगळे हिशेब फोल ठरू शकतात.
सविस्तर: ‘वर्ग 2 ची जमीन: परवानगी आणि नजराणा’

फेरफार. हा शब्द नीट समजला तर उतारा बोलू लागतो. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे काही बदलतं त्याची नोंद आधी गाव नमुना 6 मध्ये होते आणि तिला क्रमांक मिळतो. तलाठी (आता हुद्दा ग्राम महसूल अधिकारी) नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

सातबाऱ्यावर नावाजवळ दिसणारे आकडे हे या फेरफारांचेच. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत एखाद्या नावाला कंस केलेला दिसेल. ते नाव कमी झालं आहे. कोणत्या फेरफाराने, हे शेजारच्या आकड्यावरून शोधायचं आणि त्या फेरफाराची नक्कल मागायची. आजच्या उताऱ्यापासून मागे मागे जात, जमीन घराण्यात आली त्या नोंदीपर्यंत पोचा. मधली एखादी कडी सापडत नसेल, तर वाद बहुधा तिथेच दडलेला असतो.
सविस्तर: ‘फेरफाराची नक्कल कशी मागवावी, कशी वाचावी’

ए.कु.मॅ. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. काही ठिकाणी ए.कु.पु., म्हणजे पुढारी, असंही लिहितात. घरातल्या कर्त्या माणसाचं एकट्याचं नाव लागलं, तरी या शेऱ्याचा अर्थ जमीन एकट्याची नाही, असा आहे. बाकीच्या भावांची मुलं ‘आमचं नावच नाही’ म्हणून हात टेकतात, तेव्हा जुन्या उताऱ्यावरची ही अक्षरं शोधायला सांगावीशी वाटतात.

वारस नोंद. खातेदार गेल्यावर वारसांची नावं लावणं. हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत कळवावं असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात पिढ्यान् पिढ्या राहून जातं आणि मग एका गटावर तीस-तीस नावं चढतात.

इथे बहिणींविषयी स्पष्ट लिहायला हवं. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तरीही कित्येक उताऱ्यांवर भावांची नावं खातेदार म्हणून आणि बहिणींची ‘इतर अधिकार’ रकान्यात दिसतात. केवळ त्या रकान्यात नाव गेलं म्हणून वारसाहक्क संपत नाही, पण उतारा बघणाऱ्याची गैरसमजूत होते. ताई, तुमचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते स्वतः बघा.
सविस्तर: ‘लेकींची नावं सातबाऱ्यावर: अर्ज आणि अपील’

हक्कसोड पत्र. सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडणं. ते नोंदणीकृत असावं लागतं. ‘फक्त सही कर’ म्हणून पुढे आलेला कागद याच प्रकारचा आहे का, हे घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका. सोडलेला हक्क परत मिळवायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

इतर अधिकार आणि बोजा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, कूळ, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, न्यायालयाचा मनाईहुकूम, सगळं या रकान्यात. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. फेडीचा दाखला देऊन तो कमी करण्याचा फेरफार करून घ्यावा लागतो.

मोजणी. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. बांध कोरल्याची तक्रार असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते.
सविस्तर: ‘मोजणीच्या दिवशी काय बघायचं, कुठे हरकत घ्यायची’

मिळकत पत्रिका. नगर भूमापन झालेल्या गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते हेच. वाडा आणि शेत, दोन्हींची वाटणी असेल तर दोन्ही कागद वेगळे काढावे लागतील.