घराच्या भिंतीसाठी पगारातून 60,000 रुपये उचल मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 30 जुलै 2025

प्रति,
आदरणीय अण्णा,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

अर्जदार : तानाजी, व्हीएमसी ऑपरेटर, दुसरी पाळी, तिकीट क्रमांक 17

विषय : पडलेली भिंत बांधण्यासाठी 60,000 रुपये उचल मिळावी व ती मे 2026 च्या पगारापर्यंत कापून घ्यावी.

अण्णा,

सप्रेम नमस्कार. हे तोंडी सांगायला मी परवा ऑफिसात आलो होतो, पण आपल्याकडं पार्टी बसली होती. पैशाचं बोलणं घाईत नको आणि हिशेबही आपल्या डोळ्यांसमोर असावा, म्हणून लिहून देतोय.

राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची मागची भिंत 24 तारखेच्या पहाटे पडली. भिंत भेंड्यांची, आजोबांच्या वेळची. आठ दिवस लागून पाऊस होता, परड्याच्या बाजूनं पाणी मुरलं आणि भिंत बुडातून सुटून बाहेरच्या अंगाला कोसळली. आई माजघरात झोपली होती. भिंत आत आली असती तर काय झालं असतं हा विचार अजून डोक्यातून जात नाही. आईला काही लागलं नाही. सध्या ती शेजारी चुलत्यांकडं झोपते आणि दिवसा जनावरांसाठी घरी येते. आढ्याला आम्ही भावांनी सागाचे दोन टेकू दिलेत आणि उघड्या बाजूला प्लास्टिकचा कागद बांधलाय. पण वाऱ्यानं कागद फाटतो, पाणी आत येतं आणि आता बाजूच्या भिंतीलाही ओल चढायला लागली आहे. गवंड्यानं बघून सांगितलं की दिवाळीपर्यंत थांबलात तर एका भिंतीच्या जागी तीन भिंती बांधाव्या लागतील. एवढ्यासाठीच पावसाळ्यात काम काढतोय.

भिंत 22 फूट लांब आणि 9 फूट उंच आहे. तिथं सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घ्यायची, दोन टोकांना आणि मध्ये कॉलम, वर सळीचा पट्टा, आणि मागच्या पाख्याची फुटलेली कौलं काढून पत्रे घालायचे, एवढंच काम आहे. गिलावा, फरशी यातलं आत्ता काहीच धरलेलं नाही. 240 ब्लॉकचे 10,800, सिमेंटच्या 40 पोत्यांचे 15,200, खडी आणि क्रश सँडचे 9,000, सळीचे 9,300, दहा पत्र्यांचे 11,500, गवंडी आणि दोन बिगारी यांची बारा दिवसांची मजुरी 25,200 आणि गाडीभाडं 4,000, असे सगळे मिळून 85,000 रुपये होतात. दुकानदाराचा दरपत्रक कागद सोबत जोडलाय.

यातले 15,000 माझ्याकडं आहेत आणि धाकटा भाऊ 10,000 देतोय. त्यातून 200 रुपये सोडून मजुरी भागेल. ते 200 आणि सामानाचे व गाडीभाड्याचे 59,800 मिळून 60,000 कमी पडतात.

आपल्याकडं येण्याआधी बाकीचे रस्ते बघितले, हेही सांगायला हवं. पीएफमधून घरदुरुस्तीसाठी पैसे मिळतात, पण घर स्वतःच्या किंवा बायकोच्या नावावर लागतं. आमचं घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. वारसनोंद व्हायला वेळ लागेल. ते काम आता मनावर घेतलंय, पण भिंत तोवर थांबणार नाही. सोसायटीचं कर्ज उसावर आधीच आहे. पतसंस्थेत मोटरसायकलचं कर्ज चालू आहे, तिचा 2,150 चा हप्ता डिसेंबरला संपेल आणि तो संपेपर्यंत दुसरं कर्ज देत नाहीत. गावात शेकडा पाच रुपये महिना व्याजानं पैसे मिळतात. त्या वाटेला जायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलंय. त्या व्याजात अडकलेली घरं जवळून बघितली आहेत. तलाठ्यांनी पंचनामा केलाय, पण मदत कधी आणि किती येईल ते सांगता येत नाही, म्हणून ती हिशेबात धरलेली नाही. आली तर पहिल्यांदा आपल्या उचलीत जमा करीन.

आता फेडीचं. जादा पाळी सोडून माझ्या हातात महिन्याला सरासरी 23,600 येतात. ऑगस्टचा पगार घरकामात आणि गणपतीत जाईल, म्हणून कपात सप्टेंबरच्या पगारापासून धरावी ही विनंती. ती अशी :

सप्टेंबरचा पगार (7 ऑक्टोबर) : 4,000, बाकी 56,000
दिवाळी बोनसमधून : 12,000, बाकी 44,000
ऑक्टोबरचा पगार : 4,000, बाकी 40,000
नोव्हेंबरचा पगार : 4,000, बाकी 36,000
डिसेंबरचा पगार : 4,000, बाकी 32,000
जानेवारीचा पगार : 4,000, बाकी 28,000
ऊसबिलातून, फेब्रुवारीअखेर रोख : 12,000, बाकी 16,000
फेब्रुवारीचा पगार : 4,000, बाकी 12,000
मार्चचा पगार : 4,000, बाकी 8,000
एप्रिलचा पगार : 4,000, बाकी 4,000
मेचा पगार (7 जून 2026) : 4,000, बाकी शून्य

मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत फिटावं असाच हिशेब बसवलाय. गेल्या वर्षी बोनस 18,500 मिळाला होता, त्यावरून 12,000 धरलेत. बोनस कमी आला तर जेवढा फरक पडेल तेवढा जादा पाळीच्या पैशातून भरीन. ऊसबिलाचं मात्र आपणही जाणता, तोड लांबली की बिल लांबतं. तसं झालं तर 4,000 ची कपात जून, जुलै आणि ऑगस्टच्या पगारातूनही चालू ठेवावी, म्हणजे 7 सप्टेंबर 2026 ला सगळं चुकतं होईल. महिन्याला 4,000 पेक्षा जास्त लिहिलं असतं तर अर्ज चांगला दिसला असता, पण खोलीभाडं, किराणा आणि गाडीचा हप्ता जाऊन जेवढं खात्रीनं निघतं तेवढंच लिहिलंय. एकही हप्ता चुकवून पुन्हा आपल्यासमोर उभं राहायची वेळ मला आणायची नाही. काही कारणानं काम सुटलंच, तर राहिलेली रक्कम माझ्या शेवटच्या हिशेबातून वळती करून घ्यावी. तसं संमतीपत्र सही करून सोबत दिलंय.

2021 साली आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी 15,000 उचल घेतली होती. ती पाच महिन्यांत फिटली. अकाउंटच्या रजिस्टरला नोंद आहे, कृपया बघून घ्यावी. त्यानंतर चार वर्षं उचल मागितलेली नाही.

रक्कम एकदम देणं अडचणीचं असेल तर ब्लॉक, सिमेंट आणि खडी-सँडचे 35,000 रुपये 4 ऑगस्टपर्यंत आणि राहिलेले 25,000 रुपये 14 ऑगस्टपर्यंत मिळाले तरी काम अडणार नाही. सळी पट्ट्याच्या वेळी लागते आणि पत्रे शेवटी. पगाराच्या खात्यातच जमा करावेत.

पाया भरतानाचे आणि पट्टा ओततानाचे मिळून मला तीन दिवस रजा लागेल. पंप बॉडीची ऑर्डर चालू आहे हे ध्यानात आहे. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरशी बोललोय, ते दिवस तो मशीन सांभाळेल आणि सुपरवायझर साहेबांनाही कल्पना दिली आहे. बाकीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि सकाळच्या वेळात आम्ही भाऊ बघून घेऊ.

आपण पूर्ण रक्कम देऊ शकत नसाल तर किती जमेल ते शुक्रवारपर्यंत कळावं. त्याप्रमाणं पत्र्यांचं काम पुढं ढकलीन आणि आधी भिंत उभी करीन.

आपला,
तानाजी

सोबत : पडलेल्या भिंतीचे फोटो, पंचनाम्याची प्रत, सामानाचा दरपत्रक कागद, पगारातून कपातीचं सही केलेलं संमतीपत्र.