घडीखाली गेलेलं अक्षर

(काउंटरवर वजनकाट्याशेजारी एक मोबाईल. दुकानदार चष्मा शोधतोय, परदेशी बाई एकेक फोटो पुढे सरकवतायत.)

पर्यटक: काका, दोन मिनिटं आहेत? मला मराठी येतं, पण हळू.

दुकानदार: बोला की ताई, आत्ता कोणी गिऱ्हाईक नाही. काय हवंय?

पर्यटक: घरून निघताना आमच्या वस्तूंच्या लेबलांचे फोटो काढले. माझ्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. ही बिस्किटं तिला चालतात. अशीच इथे हवीत.

दुकानदार: बघू. छे, ही तुमची लिपी म्हणजे मुंग्यांची रांग! तुम्ही वाचा, मी इकडे पुडा धरतो.

पर्यटक: आधी मैदा. मग साखर. मग तेल.

दुकानदार: इथेही तेच. जे जास्त, ते पहिलं. पुढे?

पर्यटक: E322.

दुकानदार: हां, हे मलाही वाचता येतं! लेसिथिन ते. या पुड्यावर नुसतं ३२२ छापलंय, पण वस्तू तीच. बहुतेक सोयाबीनचं असतं.

पर्यटक: सोया चालतं. दूध नको.

दुकानदार: मग हा घ्या ना डोळे झाकून. समोरच लिहिलंय, ‘लॅक्टोजमुक्त’.

पर्यटक: नाही, नाही! लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. मुलीला दुधातल्या प्रथिनांचा त्रास होतो. साखर काढली तरी प्रथिनं राहतात.

दुकानदार: अस्सं? मी तर आजवर दूध न चालणाऱ्यांना हाच पुडा काढून द्यायचो. बरं झालं बोललात. थांबा, मागे काय लिहिलंय... ‘व्हे पावडर’.

पर्यटक: व्हे म्हणजे काय?

दुकानदार: दूध फाडलं की चोथा वेगळा होतो आणि पाणी उरतं ना? त्या पाण्याची भुकटी.

पर्यटक: म्हणजे दूधच.

दुकानदार: दूधच, नाव बदलून आलेलं. ठेवा बाजूला.

पर्यटक: मघाशी तुमच्या फळीवरच्या या पुड्याचाही फोटो काढला. यात व्हे नाही. शेवटचा शब्द ‘केसि’... पुढे काही दिसत नाही.

दुकानदार: फोटो मोठा करा. अहो, इथे कागद दुमडलाय, बाकीचं घडीखाली गेलं. फोटोत कुठून येणार? तो पुडाच आणतो. (पुडा आणून नखाने घडी सरळ करतो.) के-सि-ने-ट. सोडियम केसिनेट.

पर्यटक: केसिन! तेच ते. दुधाचं प्रथिन. नको.

दुकानदार: हा तिसरा बघा. मैदा, साखर, पामतेल, ३२२, मीठ. दूध नाही, व्हे नाही, केसिन नाही.

पर्यटक: आणि खाली हे बारीक?

दुकानदार: ‘याच यंत्रांवर दुधाचे पदार्थही बनवले जातात.’ आता काय करायचं?

पर्यटक: नको. डॉक्टरांनी सांगितलंय, अशी ओळ असेल तर घ्यायचं नाही.

दुकानदार: मग बिस्किटांचा नाद सोडा. माझ्याकडे चौथा प्रकार नाही, उगाच कशाला गळ्यात मारू? दुसरं काय आहे यादीत?

पर्यटक: हे क्रीम. आमचं संपलं.

दुकानदार: ही डबी जवळची वाटते. फोटो डबीशेजारी धरा, अक्षरं जुळवू. तुमच्याकडे Aqua, इथे Aqua. हे लांबलचक Prunus Amygdalus Dulcis Oil, इथेही शब्द न् शब्द तेच. कुठली भाषा ही?

पर्यटक: जास्त करून लॅटिन. क्रीमवर खूप देशांत हीच नावं असतात. हे बदामाचं तेल. पहिली सहा नावं जुळली, वासही तसाच. हे घेते.

दुकानदार: आणि या उघड्या डबीच्या चित्रात 12M आहे. बारा महिन्यांची गॅरंटी दिसतेय.

पर्यटक: गॅरंटी नाही. झाकण उघडल्या दिवसापासून बारा महिने वापरायचं. पण काका, इथे 04/06/26 म्हणजे ६ एप्रिल ना? आमच्याकडे महिना आधी लिहितात.

दुकानदार: इथे दिवस आधी. ४ जून. खात्री हवी? याच कंपनीची ही दुसरी डबी, 23/05/26. तेविसावा महिना कुठून आणणार?

पर्यटक: (हसून) बरोबर!

दुकानदार: आता असं करा. दुधाची ही नावं मी या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो. दूध, दूध पावडर, व्हे, केसिन, केसिनेट, लोणी. पुढच्या दुकानात हा कागद दाखवा. आणि पुड्याचे फोटो काढाल तेव्हा घडी उघडून काढा.

पर्यटक: या कागदाचाही काढते, हरवला तर? ... अरे, हात हलला.

दुकानदार: असू दे, परत काढा. मी धरतो कागद.