विषय : मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी बालसंगोपन रजा मिळणेबाबत

दि. 12 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा

महोदय,

माझी मुलगी ईश्वरी (वय 5 वर्षे) हिच्या हृदयाला छिद्र असल्याचे अंगणवाडीतील आरोग्य तपासणीत आढळले. तिची शस्त्रक्रिया मंगळवार, दि. 18 नोव्हेंबर रोजी पुण्यात होणार असून आदल्या दिवशी तिला दाखल करायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ती अतिदक्षता विभागात राहील. रात्री झोपेतही ती माझ्या पदराचे टोक मुठीत धरून असते. जाग आल्यावर मी तिच्याजवळ असणे फार गरजेचे आहे.

तरी दि. 17 नोव्हेंबरपासून मला बालसंगोपन रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. रुजू होण्याची तारीख आज सांगता येत नाही. घरी कधी सोडायचे हे जखम, ताप आणि टूडी एको पाहूनच ठरेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तूर्त 15 दिवस धरावेत. डॉक्टरांनी तारीख सांगताच त्याच दिवशी फोनने कळवीन. मुदत वाढल्यास लेखी अर्ज व दाखला पाठवीन.

दुसरीच्या वर्गाचे नियोजन आणि हजेरीपत्रक कदमबाईंकडे दिले आहे. वाचनात मागे असलेल्या चार मुलांची नावे वहीत पहिल्याच पानावर आहेत, त्यांच्याकडे कृपया लक्ष असू द्यावे.

सोबत : डॉक्टरांचे पत्र, मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत.

आपली विश्वासू,
सुनीता जाधव
सहशिक्षिका, इयत्ता दुसरी