जगदाळेमामांच्या घरच्यांना

भोसरी, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय सुनंदावहिनी,

सप्रेम नमस्कार.

अशा वेळी पाठवायचा कंपनीचा एक ठरलेला मजकूर आहे. 'आमच्या संस्थेचे निष्ठावान कर्मचारी यांच्या आकस्मिक निधनाचे वृत्त समजून तीव्र दुःख झाले' असा तो सुरू होतो आणि मृतात्म्यास शांती मागून संपतो. त्यात मामा कुठेच नाहीत. म्हणून तो बाजूला ठेवला आणि आमच्या सगळ्यांच्या मनात जे आहे ते लिहितो आहे. तेरावं होऊन गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आता कमी झाली असेल. पत्र सावकाश, सवडीने वाचा. आईंना आणि मुलांनाही वाचून दाखवा.

रमाकांत जगदाळे २००३ साली आपल्याकडे इन्स्पेक्शनला लागले. घरी ते कामाबद्दल किती बोलत असतील ठाऊक नाही, पण त्यांच्या शब्दाला इथे काय वजन होतं ते तुम्हाला कळायला हवं असं फार वाटतं.

एका महिनाअखेरची गोष्ट सांगतो. गाडी गेटवर उभी होती, माल पॅक व्हायचा होता आणि वरून सारखे फोन येत होते. जॉब मशीनवरून उतरले तेव्हा सगळी मापं बरोबर आली होती. मामांनी तरीही सही केली नाही. ते जॉब त्यांनी स्टँडर्ड रूममध्ये वीस अंशांवर निवत ठेवले आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले. ॲल्युमिनिअमचा साठ मिलिमीटरचा बोअर दहा अंशांनी निवला की साधारण चौदा मायक्रॉनने आवळतो. गरम असताना पास झालेले जॉब थंड झाल्यावर मापात कमी भरले. गाडी रिकामी परत गेली. प्रॉडक्शनवाले खूप चिडले होते. मामांनी आवाज चढवला नाही की कुणाकडे बोट दाखवलं नाही. "उद्या दुपारपर्यंत करून देऊ" एवढंच म्हणाले आणि त्या रात्री सेकंड शिफ्टबरोबर थांबले. हा माल हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये जातो. कुठल्या तरी शेतात, कुठल्या तरी साइटवर ती मशीन विनातक्रार चालली, पण ती कुणामुळे चालली हे तिथल्या कुणाला कधी कळणार नाही. आम्हाला माहीत आहे.

औंध आयटीआयमधून दर वर्षी आपल्याकडे ॲप्रेंटिस येतात. पहिल्या दिवशी मामा त्यांच्या हातात मायक्रोमीटर द्यायचे आणि एकच पिन सकाळी, जेवणानंतर आणि सुटायच्या वेळी मोजायला लावायचे. तिन्ही आकडे वेगळे आले की पोरं ओशाळायची. मग मामा त्यांना रॅचेट किती फिरवायचं, हाताची ऊब कशी लागते, डोळा सरळ कसा धरायचा हे शांतपणे दाखवायचे. आज चाकणच्या आणि रांजणगावच्या कारखान्यांत त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं क्वालिटीची खाती सांभाळतात. वैकुंठात त्या दिवशी तुम्ही न ओळखणारी इतकी तरुण माणसं मागे उभी होती, ती हीच.

खंडेनवमीला गेज आणि स्लिप ब्लॉक स्वच्छ पुसून, झेंडूची फुलं वाहून पूजा मांडायची ती त्यांनीच. आषाढी वारीसाठी दोन दिवस रजा ठरलेली. या जूनमध्येही माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर हजर. पाय दुखत असणार, पण विचारल्यावर फक्त हसले. तुमच्या हातची ज्वारीची भाकरी आणि मेथी डब्यात असली की आधी पोरांपुढे सरकवायचे. ऋतुजा बारावी झाली तेव्हा पेढे वाटताना "आईनं करून घेतलं हो अभ्यास, माझं काही नाही" असं प्रत्येकाला सांगत होते. हे तुमच्यापर्यंत पोचवायचं राहून गेलं होतं.

त्या रविवारी, २७ जुलैला, जे झालं त्याला कुठल्याही शब्दांनी अर्थ लावायचा प्रयत्न मी करणार नाही. देवाची इच्छा होती, धीर धरा, असंही म्हणणार नाही. वहिनी, हे फार लवकर झालं. आम्हाला त्यांची फार उणीव भासते आहे.

आता थोडं व्यवहाराचं. हे लिहिणं भाग आहे, कारण काळजीत भर पडायला नको. मामांचे जुलैचे सर्व पैसे आणि शिल्लक रजेचा पगार तुमच्या खात्यात येईल. ग्रॅच्युइटी बावीस वर्षांची, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने मिळेल. पीएफची रक्कम, त्याला जोडलेल्या विम्याची रक्कम (या विम्याची कमाल मर्यादा सात लाख आहे) आणि दरमहा कुटुंब पेन्शन, हे तिन्ही तुमचे हक्क आहेत. तन्मय आणि ऋतुजा पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनाही पेन्शनचा वाटा आहे. फॉर्म आम्ही भरून घरी आणू. तुमच्याकडून फक्त महापालिकेचा मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुकाची प्रत लागेल. कुठल्याही एजंटला एक रुपयाही देऊ नका, आणि न वाचता कुठेही सही करू नका, आमच्या कागदावरसुद्धा. घाई नाही. तुम्हाला जमेल तेव्हा.

तन्मयच्या डिप्लोमाची उरलेली फी कंपनी भरणार आहे. तसा निर्णय संचालकांनी लेखी घेतला आहे आणि त्याची प्रत सोबत आहे. याला मदत समजू नका, मामांच्या बावीस वर्षांपुढे हे थोडंच आहे. आईंची औषधं ज्या मेडिक्लेममधून चालतात तो पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, सुरू राहील. त्यापुढची सोय काय करता येईल ते आपण जानेवारीतच बसून बघू. पुढे काय होईल याचं जे वचन आज देता येत नाही ते मी देत नाही, पण जे लिहिलं आहे ते होईल.

मामांचा लॉकर आम्ही उघडलेला नाही. चावी माझ्याकडे आहे. तुम्ही किंवा तन्मय याल तेव्हा तुमच्यासमोरच उघडू. यायला मन घेत नसेल तर तसं सांगा, तो जसाच्या तसा राहू देऊ. टेबलाच्या खणात मात्र त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत. कुठला जॉब कसा मोजावा, कुठे फसगत होते, सगळं बारीक, सुरेख अक्षरात. त्या वह्या तुमच्या आहेत. तुमची परवानगी असेल तर झेरॉक्स काढून इन्स्पेक्शनमध्ये ठेवू आणि मूळ वह्या घरी पोचवू. नको वाटलं तर तसंही निःसंकोच सांगा.

ऑफिसमधून तुम्हाला वेगवेगळ्या माणसांचे फोन येणार नाहीत. पर्सोनेलच्या शुभांगीताई एकट्याच हे सगळं बघतील. त्या मामांच्या शेजारी अकरा वर्षं बसल्या आहेत, त्यांना काहीही विचारा. माझा नंबर तन्मयकडे आहे.

येत्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आणि शुभांगीताई विश्रांतवाडीला येऊ म्हणतो. कागद आणणार नाही, फक्त भेटायला. त्या दिवशी सोयीचं नसेल तर तन्मयला एक मेसेज करायला सांगा, आम्ही नंतर येऊ.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अविनाश देवधर
कारखाना व्यवस्थापक
आणि मामांचे भोसरीतले सगळे सहकारी